वंशावळ-आलेख (आनुवंशिकी)

एखादे लक्षण कुळातील कोणाकोणात प्रकट झाले याची पिढीवार चिन्हांकित नोंद. तीत पुरुष चौकोनाने व स्त्री वर्तुळाने दाखवितात, बाधिताचे चिन्ह भरीव काढतात. आडव्या रेषेने विवाह आणि तीतून निघणाऱ्या उभ्या रेषेने संतती दर्शविली जाते. लक्षण प्रभावी, अप्रभावी की लिंगसंलग्न, हे ठरविण्याची रीत म्हणजे पुराव्याशी विसंगत असलेले पर्याय एकेक करून बाद करणे होय.

इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीच्या (1819–1901) वंशातील हीमोफिलिया, म्हणजे रक्त न गोठण्याचा विकार, हा या रीतीचा उत्तम दाखला आहे. राणी व तिचा पती आल्बर्ट हे दोघेही निरोगी असता त्यांचा पुत्र लिओपोल्ड बाधित निपजला. प्रभावी लक्षण सामान्यतः आईबापांपैकी एकात तरी दिसावयास हवे. लिओपोल्डपुरता नव्या उत्परिवर्तनाचा खुलासा करता आला असता, परंतु निरोगी कन्या ॲलिस हिच्या पुत्रातही तोच विकार उद्भवल्यामुळे तो टिकत नाही, आणि लक्षण अप्रभावी मानावे लागते.

यानंतर प्रश्न उरतो तो गुणसूत्राचा. दोष अलिंग गुणसूत्रावर असता, तर प्रत्येक बाधितास तो मातापिता दोघांकडूनही मिळावयास हवा होता. म्हणजे हेस, रशिया व स्पेन येथील राजघराण्यांतले जावई सर्वच्या सर्व या दुर्मिळ दोषाचे वाहक होते असे कबूल करावे लागले असते, आणि शिवाय मुलीही मुलांइतक्याच बाधित झाल्या असत्या. प्रत्यक्षात बाधित सारे पुरुष असून प्रत्येकास तो वारसा निरोगी मातेकडून आला. पिता मुलास वाय व मुलीस एक्स गुणसूत्र देतो. म्हणून दोष एक्सवर असल्यास बाधित पित्याची प्रत्येक मुलगी वाहक ठरते आणि मुलगा त्याच्याकडून आलेल्या दोषापासून मुक्त राहतो. लिओपोल्डचा मुलगा निरोगी होता व मुलीचा पुत्र रूपर्ट बाधित होता, हे या अनुमानाशी तंतोतंत जुळते.

तथापि लिओपोल्डला मुलगा एकच होता, आणि केवळ पुरुषांतच प्रकटणारे प्रभावी लक्षण मानले तरी तो निम्म्या संभाव्यतेने निरोगी राहिला असता. म्हणून एवढ्या एका दाखल्याने काहीच शाबीत होत नाही, व लहान कुटुंबांत अनेक शाखांचा पुरावा एकत्र तोलावा लागतो. उलट निरोगी पित्याची एखादी मुलगी अप्रभावी लक्षणाने बाधित आढळल्यास लिंगसंलग्नतेचा पर्याय सहसा बाद होतो, कारण पित्याचे एकमेव एक्स निर्दोष असता तेच तिला मिळालेले असते. 2009 मध्ये रशियाच्या राजकुटुंबाच्या अस्थींतील डीएनए तपासला असता, रक्त गोठविणाऱ्या नवव्या घटकाच्या, एक्सवर असलेल्या जनुकातच हा दोष सापडला.