एक पर्वत, दोन नावे
येना विद्यापीठातील गणिती गोटलोब फ्रेगे यांनी १९१४ साली एका इंग्रज तर्कज्ञासाठी पत्राचा मसुदा केला. त्यात एक कल्पित प्रसंग आहे. एका प्रवाशाला उत्तरेला हिमाच्छादित पर्वत दिसतो. स्थानिक लोक त्याला ‘आफ्ला’ म्हणतात. दुसऱ्याला दक्षिणेला एक पर्वत दिसतो, त्याचे नाव ‘आतेब’. पुढे दोघांचे नकाशे ताडून पाहिल्यावर कळते, की पर्वत एकच!

नावाचा अर्थ म्हणजे केवळ ती वस्तू असेल, तर ‘आतेब म्हणजे आफ्ला’ आणि ‘आतेब म्हणजे आतेब’ या वाक्यांत फरक उरत नाही. पण दुसरे वाक्य घरबसल्या सांगता येते, पहिल्यासाठी पायपीट आणि मोजणी लागते. हा पेच फ्रेगे यांनी १८९२ च्या निबंधातच सोडवला होता, तिथे उदाहरण शुक्राच्या चांदणीचे. नाव ज्या वस्तूला दाखवते तो त्याचा निर्देश. ती वस्तू ज्या रीतीने समोर येते तो आशय.

मात्र ‘आफ्ला पाच हजार मीटर उंच आहे, असे पहिल्या प्रवाशाला वाटते’ या खऱ्या वाक्यात ‘आतेब’ घातले, की ते खोटे ठरू शकते. ते नाव बिचाऱ्याने ऐकलेलेच नाही. फ्रेगे यांच्या मते अशा वाक्यात नाव पर्वताला नव्हे, स्वतःच्या आशयालाच दाखवते.