शाई, कागद आणि वाचणारा डोळा

गणकयंत्राचा आराखडा मांडणारे चार्ल्स बॅबेज यांनी 1827 साली 1 ते 108000 या संख्यांचे लॉगॅरिथम प्रसिद्ध केले. अशा कोष्टकात एक आकडा चुकीचा वाचला, तरी पुढचे सारे गणित चुकते. म्हणून डोळ्यांना कमीत कमी शिणवणारी शाई आणि कागद कोणते, हा प्रश्न त्यांनी घेतला. 1831 साली त्यांनी कोष्टकाची दोन पाने 151 रंगछटांच्या कागदांवर दहा रंगांच्या शाईने छापून घेतली. 21 खंडांच्या या संग्रहाची एकच प्रत काढली होती. नमुने भरपूर जमले. पण वाचकाला किती त्रास होतो, हे मोजायचे कसे?

शंभर वर्षांनी, 1931 मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाचे डोनाल्ड पॅटरसन आणि माइल्स टिंकर यांनी वाचनाचा वेग मोजला. त्यांच्या चाचणीत छोटे परिच्छेद होते आणि प्रत्येकात अर्थ बिघडवणारा एक शब्द होता. उदाहरणार्थ, ‘तहान लागली म्हणून त्याने माठातले पाणी भाजले.’ तो शब्द खोडायचा. अर्थ समजल्याशिवाय हे जमत नाही. ठरलेल्या वेळात किती परिच्छेद होतात, ते मोजायचे. प्रत्येकाला एक चाचणी पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत दिली आणि तितकीच अवघड दुसरी रंगीत जोडीत.

पांढऱ्यावर काळे सर्वांत वेगाने वाचले गेले. पिवळ्यावरच्या काळ्याने वेग जेमतेम 4 टक्क्यांनी घटला. हिरव्यावरच्या लालाने मात्र सुमारे 40 टक्क्यांनी घटला आणि जांभळ्यावरच्या काळ्याने निम्म्यावर आला!

असे का व्हावे? अक्षराची कड डोळा ओळखतो ती मुख्यतः उजेड-काळोखाच्या फरकावरून. पिवळा कागद प्रामुख्याने निळा प्रकाश शोषतो. उजळपणाच्या जाणिवेत निळ्याचा वाटा फारच थोडा, म्हणून पिवळा कागद उजळच दिसतो. जांभळा कागद नेमका हिरवा प्रकाश शोषतो. त्यालाच आपला डोळा सर्वांत संवेदनशील असल्याने कागद गडद दिसतो आणि काळे अक्षर त्यात बुडते. लाल आणि हिरवा हे रंग कितीही वेगळे भासले, तरी त्यांचा उजळपणा जवळपास सारखा असू शकतो. ज्यांना लाल-हिरव्यातला भेद कळत नाही, त्यांना तर अशा वेळी अक्षर दिसणेच कठीण.

समजा, स्नेहसंमेलनाचे पत्रक हिरव्या कागदावर लाल शाईने काढायचे आहे. आधी त्याच कागदावर एक नमुना छापावा. कारण रंगीत शाई बहुधा पारदर्शक असते आणि खालच्या कागदाचा रंग तिच्यात मिसळतो. मग नमुन्याचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. कागद आणि अक्षरे सारख्याच करड्या छटेची दिसली, तर ती जोडी सोडावी. मथळ्याची मोठी अक्षरे अशा जोडीतही वाचता येतील. पण तारीख, वेळ आणि ठिकाण बारीक अक्षरांत असते, आणि नेमके तेच हरवते.