साप्ताहिक भजनाचा मेसेज: कुणाचं घर, किती वाजता आणि ज्येष्ठांनी बसायचं कुठे?

"राम कृष्ण हरी माउली. उद्या भजन आमच्या घरी. दिवेलागणीला सर्वांनी यावे ही विनंती."

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत असा मेसेज अनेकांच्या ओळखीचा असेल. संत तुकाराम महाराजांची पालखी दरवर्षी बारामती, सणसर, निमगाव केतकी आणि इंदापूर मार्गे पंढरपूरला जाते. हा पट्टा वारकऱ्यांचा. आठवड्यातून एक दिवस पाळीपाळीने एकेका घरी हरिपाठ आणि भजन करणारे गट इथल्या गावांत, वाड्यावस्त्यांवर आणि शहरातल्या सोसायट्यांमध्येही दिसतात.

वरचा मेसेज प्रेमाने लिहिलाय, पण त्यातून तीन गोष्टी कळत नाहीत. 'उद्या' म्हणजे कोणती तारीख? 'आमच्या' म्हणजे कुणाच्या? आणि दिवेलागण म्हणजे नक्की किती वाजता?

तरुणांना हे चालून जातं, एक फोन केला की उत्तर मिळतं. पण भजनाला नेमाने येणारे बरेच आजी-आजोबा मेसेज स्वतः वाचत नाहीत. घरातली सून किंवा नातू तो वाचून दाखवतो, कधी दुसऱ्या दिवशी. मग शुक्रवारी वाचलेला 'उद्या' शनिवार होतो. म्हणून मेसेज असा लिहावा, की तो कुणीही, कधीही मोठ्याने वाचला तरी अर्थ बदलणार नाही.

वेळ: घड्याळाची लिहा

दिवेलागणीची वेळ वर्षभर सारखी नसते. या भागात नोव्हेंबरच्या अखेरीस सूर्य सहाच्या आसपास मावळतो, तर जूनच्या अखेरीस सात वाजून गेल्यावर. फरक तासाहून जास्त आहे. त्यातच संध्याकाळी धारा काढून डेअरीला दूध घालायचं असतं, त्यामुळे बरीच घरं त्याआधी मोकळी होत नाहीत.

यावर उपाय म्हणजे दोन वेळा लिहायच्या, सुरू होण्याची आणि संपण्याची. संपण्याची वेळ ज्येष्ठांसाठी जास्त महत्त्वाची असते. रात्रीचं जेवण, गोळ्या आणि घरी सोडायला येणारा माणूस हे सगळं त्यावर ठरतं. हरिपाठ, चार-पाच अभंग, गवळण, आरती आणि पसायदान एवढा क्रम साधारण दीड तासात बसतो. आठला संपवायचं ठरलं असेल, तर उशिरा सुरू झाल्यावर एक अभंग कमी करायचा, आठ वाजता आरती घ्यायचीच.

पाळी: यादी सरकवू नका, अदलाबदल करा

समजा गटात १३ घरं आहेत. वर्षाचे ५२ आठवडे, म्हणजे प्रत्येक घराची पाळी वर्षातून बरोबर ४ वेळा येते. गोंधळ होतो तो एखाद्या घराला जमत नाही तेव्हा. सुतक पडतं, कुणी आजारी असतं, लग्न निघतं. अशा वेळी सगळी यादी एक आठवडा पुढे ढकलली, तर उरलेल्या सगळ्या घरांच्या तारखा बदलतात. एका घराच्या अडचणीसाठी सगळ्यांनी कॅलेंडर खोडायचं आणि ज्येष्ठांनी पाठ केलेला क्रम विसरायचा.

त्यापेक्षा ज्याला अडचण आहे, त्याने यादीतल्या दुसऱ्या एका घराशी फक्त तारीख बदलून घ्यावी. बदल दोनच ठिकाणी होतो. ज्यांचं घर लहान आहे किंवा जिना चढावा लागतो, त्यांची पाळी मंदिराच्या सभामंडपात घ्यावी. चहा-प्रसाद त्यांचा, जागा मंदिराची. पाळी चुकली असं कुणाला वाटत नाही.

काही तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच तपासून घ्याव्यात. गुरुवारचं भजन असेल, तर मार्गशीर्षात बऱ्याच घरी महालक्ष्मीचं व्रत असतं. पालखी गावातून जाते त्या आठवड्यात लोक वारकऱ्यांच्या सेवेत असतात. आणि भजनाचा वार एकादशीला आला, तर यजमानाला आधीच कळायला हवं, नाहीतर पोहे भिजवून झाल्यावर उपवास आठवतो.

बसायची जागा: खुर्ची असूनही आजी का बसत नाहीत?

'ज्येष्ठांसाठी खुर्च्यांची सोय आहे' एवढं लिहून काम होत नाही. पांडुरंगाचा फोटो जमिनीलगतच्या पाटावर आणि आपण वर खुर्चीत, हे अनेक ज्येष्ठांना पटत नाही. गुडघे दुखत असले तरी ते सतरंजीवरच बसतात, नाहीतर यायचंच बंद करतात. फोटो टेबलावर, खुर्चीपेक्षा उंच ठेवला की हा संकोच बराच कमी होतो.

आता जागेचा हिशेब. खोली १० बाय १५ फूट, म्हणजे १५० चौरस फूट. माणसं २८, त्यांपैकी ७ खुर्चीवर. पाय ठेवायच्या जागेसह एका खुर्चीला अंदाजे ६ चौरस फूट धरले, तर ४२ झाले. मांडी घालून बसणाऱ्या २१ जणांना प्रत्येकी ४ धरले, तर ८४. एकूण १२६. उरलेले २४ चौरस फूट म्हणजे दोन फुटांची एक वाट. माणसं बसतील, पण टाळ घेऊन उभ्याने हरिपाठ म्हणणाऱ्यांना पावलं टाकायला जागा नाही. त्यांनी अंगणात किंवा ओसरीवर उभं राहावं, हे आधीच ठरवून मेसेजमध्ये लिहावं.

खुर्च्या दाराजवळच्या भिंतीला लावाव्यात, म्हणजे कुणाला मध्येच उठायचं झालं तर माणसं ओलांडावी लागत नाहीत. हात टेकून उठता येईल अशा, हातांच्या खुर्च्या घ्याव्यात. टाळकऱ्यांच्या अगदी शेजारी मात्र लावू नयेत. कानाला यंत्र असेल, तर जवळच्या टाळांचा आवाज फार लागतो.

पूर्ण मेसेज कसा दिसेल?

> राम कृष्ण हरी 🙏
> साप्ताहिक भजन: गुरुवार, २२ जानेवारी २०२६
> वेळ: सायंकाळी ६.३० ते ८.००
> यजमान: घर क्र. ७, मारुती मंदिरामागे, तळमजला
> ज्येष्ठांसाठी: दाराजवळ ७ खुर्च्या. दोन पायऱ्या आहेत, हात द्यायला दारात माणूस असेल.
> हरिपाठ अंगणात उभ्याने होईल. ज्येष्ठांनी आत बसूनच म्हणावा.
> ने-आण हवी असल्यास बुधवारी रात्रीपर्यंत कळवावे.
> पुढची पाळी: २९ जानेवारी, घर क्र. ८ (एकादशी, उपवासाचा फराळ)

हा मेसेज मंगळवारी टाकावा आणि ग्रुपमध्ये ७ दिवसांसाठी पिन करावा, म्हणजे सुप्रभातच्या फोटोंखाली तो गाडला जाणार नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेला मेसेज साधारण १५ मिनिटांपर्यंतच दुरुस्त करता येतो. त्यानंतर घर किंवा वेळ बदलली, तर खाली 'दुरुस्ती' लिहून भागत नाही. जुना मेसेज सर्वांसाठी डिलीट करून पूर्ण मेसेज नव्याने टाकावा, नाहीतर दोन्ही फॉरवर्ड होत राहतात आणि कुणीतरी जुन्याच घरी पोहोचतं. बदल भजनाच्या दिवशीच झाला असेल, तर मेसेजवर विसंबू नये. ज्या घरांतले ज्येष्ठ एकटे येतात, तिथे फोनच करावा.

ठेवलेल्या खुर्च्यांपैकी एखादी सलग दोन गुरुवार रिकामी राहिली, तर त्या घरी जाऊन विचारावं. बऱ्याचदा कारण तब्येतीचं नसतं. मेसेज वाचून दाखवणारा नातू पुण्याला गेलेला असतो, एवढंच.