अकरा वाजताच्या मुलाखतीचा घटनाक्रम

यातला उमेदवार कोणी एक माणूस नाही, चार-पाच जणांचे अनुभव जुळवून उभा केला आहे. गाव मोर्शी, घरामागे वावर, वावरात संत्र्याचा बगीचा. मुलाखत घेणारं ऑफिस पुण्यात.

आदल्या दिवशी, सायंकाळी 6:00
मेल येतो. झूमची लिंक, मुलाखतीची वेळ सकाळी 11:00, आणि तीन सूचना: कॅमेरा-माइक तपासा, पर्यायी फोन नंबर सोबतच्या फॉर्ममध्ये कळवा, दहा मिनिटं आधी जॉइन व्हा. पाठवणाऱ्याचा पत्ता no-reply ने सुरू होतो. ऐनवेळी इकडून तिकडे काही कळवायचं झालं तर कुठे कळवायचं, याची ओळ मेलमध्ये नाही. पहिली गोम इथेच आहे, पण आज कोणाच्या ध्यानात येत नाही.

रात्री 9:00
फॉर्म भरला जातो. पर्यायी नंबर म्हणून बाबांचा. तपासणीही चोख होते: ब्राउझरनं कॅमेऱ्याची परवानगी मागितली, दिली, आवाज मित्राला ऐकू आला, वायफायचा वेग भरपूर. तपासलं ते वीज असतानाचं वायफाय. वीज नसताना काय, हे मेलनं विचारलेलं नाही.

सकाळी 9:50
लाइन जाते. लॅपटॉपला बॅटरी आहे, राउटरला नाही. उमेदवार न घाबरता मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू करतो. हे बरोबरच आहे. फक्त लॅपटॉपला हा हॉटस्पॉटही साधं वायफायच वाटतं. विंडोजमध्ये त्या जोडणीला ‘मीटर्ड’ म्हणून सांगितलं नाही, तर अडकलेले अपडेट आणि फोटोंचं सिंक मोकाट सुटतं. स्क्रीनवर काहीच दिसत नाही.

10:41
मोबाइलवर मेसेज: आजचा दीड जीबी संपला. अशा मेसेजकडे बघतो कोण? उमेदवार शर्टाला इस्त्री नाही म्हणून आरशासमोर उभा आहे. कोटा संपला की इंटरनेट बंद होत नाही, अनेक प्लॅनमध्ये वेग 64 केबीपीएसवर येतो. झूमच्याच सांगण्यानुसार दोघांच्या चांगल्या व्हिडिओ कॉलला साधारण 600 केबीपीएस लागतात आणि नुसत्या आवाजालाही 60 ते 80. म्हणजे चेहरा सोडा, आवाजही जेमतेम. हा मेसेज वाचला असता तर जादा डेटा पॅक मारायला अजून वेळ होता.

10:50
सांगितल्या वेळेवर जॉइन. वेटिंग रूम उघडते, ‘होस्ट आत घेईल’ असं लिहून येतं. त्या पानाला डेटा नावापुरता लागतो, म्हणून ते उघडलं यावरून काहीच सिद्ध होत नाही. उमेदवाराला मात्र हायसं वाटतं. दहा मिनिटं आधी येण्याचा खरा उपयोग बोलून पाहण्याचा; दारात थांबवून ठेवलेल्या माणसाला तो मिळत नाही.

11:00
आत घेतलं जातं. चेहरा गोठलेला, आवाज तुटक. ‘‘ऐकू येतंय का?’’ हा प्रश्न दोन्हीकडून एकाच वेळी.

11:04
एचआर पर्यायी नंबर लावते. फोन बगीच्यात वाजतो.
‘‘हॅलो, कोन बोलून राह्यलं?’’
‘‘सर, मुलाखतीबद्दल फोन केला होता.’’
‘‘पोरगं घरी हाय. मुलाखत हाय त्याची आता, मंग करा तुम्ही.’’
बाबांनी पोराची वेळ राखली आणि फोन ठेवला. चूक त्यांची नाही. आपला नंबर कशासाठी दिला हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. उमेदवाराचा स्वतःचा फोन तेव्हा टेबलावर पडून आहे, त्यावर साधा कॉल व्यवस्थित लागला असता. पण फॉर्मनं ‘पर्यायी’ विचारलं, आणि एचआरनं तोच लावला.

11:09
उमेदवार मेलला उत्तर लिहितो. ते no-reply पत्त्याच्या पोटात जातं.

11:20
पॅनल पुढच्या उमेदवाराकडे वळतं. यादीत नोंद: ‘अनुपस्थित’.

वीज गेली म्हणून हे झालं असं म्हणायला सोपं आहे. मला दोष मेलमध्येच दिसतो. तिन्ही सूचना बरोबर, पण एक कोलमडली तर दुसरीनं कसं सावरायचं हे त्यात नाही. त्याच मेलमध्ये एवढं असतं तरी पुरलं असतं:

‘‘मुलाखत उद्या सकाळी 11:00 वाजता, भारतीय वेळेनुसार. तुम्ही 10:45 ला जॉइन व्हा, आमचा माणूस आत घेऊन आवाज तपासेल. आज एकदा वायफाय बंद करून, मोबाइलच्या डेटावरही लिंक उघडून बोलून पाहा, आणि उद्यापुरता डेटा शिल्लक ठेवा. मुलाखतीच्या वेळी तुमच्या हाताशी असेल असा फोन नंबर कळवा. दुसऱ्या कोणाचा देत असाल तर त्यांना सांगून ठेवा. कॉल तुटला तर पाच मिनिटांत आम्ही त्या नंबरवर फोन करू आणि मुलाखत फोनवरच पुढे चालेल. आमचा फोन आला नाही तर खालच्या नंबरवर तुम्ही करा. तो 10:30 ते 12:00 उचलला जाईल.’’