गोनॅडोट्रॉपिन अंतःक्षेपणे

बीजकोशातील पुटकांची वाढ घडविण्यासाठी वंध्यत्वचिकित्सेत टोचली जाणारी संप्रेरके. मूत्रजन्य एचएमजी हे रजोनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रातून शुद्ध केलेले असून त्यात एफएसएचसोबत एलएचची क्रियाही असते, आणि त्याची भुकटी बहुधा ऐन वेळी द्रावकात विरघळवावी लागते. उलट पुनःसंयोजित एफएसएच चिनी हॅमस्टरच्या पेशींत निर्माण होते व तयार द्रावणाच्या पेनमध्ये मिळते.

घरी टोचताना रोज नवी सुई घ्यावी, पोटावरील जागा बदलावी आणि कळ तळापर्यंत दाबून काही सेकंद तशीच धरावी. ३०० एककांच्या पेनमधून २२५ची मात्रा घेतल्यावर ७५ शिल्लक राहतात. दुसऱ्या दिवशी तोच पेन २२५वर लावून टोचल्यास, शेष दर्शविणाऱ्या पेनांच्या खिडकीत शून्याऐवजी १५० दिसतात, आणि तेवढीच बाकी नव्या पेनने पुरी करावयाची असते.