पेमेंट गेटवे

ऑनलाइन दुकानात कार्डाने पैसे भरताना ग्राहकाने दिलेली माहिती सुरक्षितपणे स्वीकारून ती बँकांच्या यंत्रणेपर्यंत पोहोचवणारी आणि बँकेचा होकार किंवा नकार विक्रेत्याला कळवणारी संगणकीय सेवा. गेटवेमधून काही सेकंदांत जातो-येतो तो निरोप. पैसा नंतर, बँकांच्या आपसांतील हिशेबातून विक्रेत्याकडे येतो. ‘पैसे कापले गेले, पण ऑर्डर लागली नाही’ या नेहमीच्या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा निरोप आणि पैसा यांच्या ताटातुटीत असते.

व्यवहारातील पक्ष

कार्डाच्या व्यवहारात ग्राहकाव्यतिरिक्त चार पक्ष असतात : ग्राहकाला कार्ड देणारी बँक, विक्रेता, विक्रेत्याच्या वतीने कार्डाची रक्कम स्वीकारणारी बँक (ॲक्वायरर) आणि या दोन बँकांना जोडणारे कार्ड नेटवर्क. भारतात व्हिसा, मास्टरकार्ड आणि नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाचे रुपे ही मुख्य नेटवर्क आहेत. गेटवे विक्रेत्याच्या बाजूने काम करतो. कार्ड कोणत्या नेटवर्कचे आणि कोणत्या बँकेचे, हे त्याला कार्डक्रमांकाच्या सुरुवातीच्या सहा ते आठ आकड्यांवरून समजते. क्रमांकातला शेवटचा आकडा आधीच्या आकड्यांवरून ठरावीक गणिताने काढलेला असतो. त्यामुळे एखादा आकडा चुकीचा टंकला गेला, तर ती चूक बँकेला काही विचारण्याआधीच लक्षात येते.

होकाराचा प्रवास

समजा, नागपूरच्या ग्राहकाने कोल्हापूरच्या विक्रेत्याच्या संकेतस्थळावरून २,५०० रुपयांचा चपलांचा जोड निवडला आणि क्रेडिट कार्डाने पैसे भरायचे ठरवले. ‘पैसे भरा’ हे बटण दाबताच विक्रेत्याचा सर्व्हर गेटवेकडे ऑर्डर नोंदवतो. अनेक गेटवे रक्कम पैशांत मागतात, म्हणून इथे ती `250000` अशी जाते. हा आकडा ग्राहकाच्या ब्राउझरकडून न घेता सर्व्हरकडून घेतात, म्हणजे वाटेत कोणाला तो बदलता येत नाही.

त्यानंतर उघडणारी कार्डाची चौकट गेटवेची असते. ग्राहकाने टाकलेला क्रमांक सांकेतिक रूपात थेट गेटवेकडे जातो. विक्रेत्याच्या सर्व्हरला तो दिसतही नाही. मग गेटवे नेटवर्कमार्फत कार्ड देणाऱ्या बँकेला ग्राहकाची ओळख पटवायला सांगतो. बँक ग्राहकाच्या मोबाइलवर ओटीपी पाठवते आणि तो बरोबर आला की ओळख पटल्याचा डिजिटल पुरावा परत देते. ऑनलाइन कार्ड व्यवहारांत ओळखीची ही दुसरी खूण रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २००९पासून बंधनकारक केली.

ओळख पटली म्हणजे व्यवहार मंजूर झाला असे नव्हे. मंजुरीची विनंती आता निघते : गेटवेकडून ॲक्वायररकडे, तिथून नेटवर्ककडे आणि नेटवर्ककडून कार्ड देणाऱ्या बँकेकडे. कार्ड चालू आहे का, मर्यादा शिल्लक आहे का, व्यवहार संशयास्पद वाटतो का, हे ती बँक तपासते. सगळे ठीक असेल तर ती कार्डाच्या मर्यादेतून २,५०० रुपये राखून ठेवते आणि `00` हे उत्तर पाठवते. रक्कम अपुरी असेल तर `51`, कार्डाची मुदत संपली असेल तर `54`. उत्तर आल्या वाटेनेच परतते. होकार-नकाराचा निर्णय बँकेचा असतो. गेटवे तो कळवतो.

पैशांचा प्रवास

होकार मिळाला, तरी विक्रेत्याच्या खात्यात अजून एक रुपयाही आलेला नसतो. आधी विक्रेत्याने, किंवा त्याच्या वतीने गेटवेने, राखून ठेवलेली रक्कम मागावी लागते. या टप्प्याला कॅप्चर म्हणतात. कॅप्चर झालेले व्यवहार ॲक्वायरर एकत्र करून नेटवर्ककडे पाठवतो. कोणत्या बँकेने कोणाला किती द्यायचे, याचा निव्वळ हिशेब नेटवर्क काढते आणि त्यानुसार बँका आपसांत रक्कम चुकती करतात. विक्रेत्याला ती एक-दोन दिवसांनी, शुल्क वजा होऊन मिळते.

वरच्या उदाहरणात शुल्क २ टक्के ठरले असेल, तर ५० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटीचे ९ रुपये वजा होऊन विक्रेत्याला २,४४१ रुपये मिळतात. ५० रुपयांतला एक वाटा कार्ड देणाऱ्या बँकेला, एक नेटवर्कला आणि उरलेला ॲक्वायरर व गेटवे यांना जातो. रुपे डेबिट कार्डावर मात्र १ जानेवारी २०२०पासून विक्रेत्याकडून हे शुल्क घेतले जात नाही.

गेटवे आणि ॲग्रिगेटर

रिझर्व्ह बँकेच्या १७ मार्च २०२०च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दोन भूमिका वेगळ्या केल्या. केवळ तांत्रिक दुवा पुरवणारा, पैशाला हात न लावणारा तो गेटवे. ग्राहकांकडून आलेली रक्कम गोळा करून विक्रेत्यांना वाटणारा तो पेमेंट ॲग्रिगेटर. बँकेतर ॲग्रिगेटरला परवानगी घ्यावी लागते आणि विक्रेत्यांची रक्कम स्वतःच्या पैशांत न मिसळता बँकेतल्या एस्क्रो खात्यात ठेवावी लागते. रोजच्या बोलण्यात ज्यांना गेटवे म्हणतात, त्यांतल्या बऱ्याच कंपन्या दोन्ही कामे करतात. १ ऑक्टोबर २०२२पासून विक्रेते, गेटवे आणि ॲग्रिगेटर यांना ग्राहकाचा खरा कार्डक्रमांक साठवता येत नाही. ‘सेव्ह’ केलेल्या कार्डाच्या जागी ठरावीक दुकानापुरताच चालणारा टोकन क्रमांक असतो.

बिघाड आणि त्याची ओळख

सर्वांत त्रासदायक बिघाड परतीच्या वाटेवर होतो. बँकेने रक्कम राखून ठेवली, ग्राहकाला संदेश गेला, पण `00` हे उत्तर गेटवेपर्यंत वेळेत आले नाही. गेटवे ठरावीक काळ थांबून व्यवहार अयशस्वी दाखवतो. ग्राहक घाईने पुन्हा पैसे भरतो आणि एका जोडासाठी दोनदा रक्कम अडकते. क्रेडिट कार्डात अशी रक्कम काही दिवस ‘प्रलंबित’ दिसते. डेबिट कार्डात ती बहुधा खात्यातून लगेच वजा होते, म्हणून ग्राहकाची धास्ती अधिक.

दुसरा बिघाड शेवटच्या टप्प्यावर होतो. होकार गेटवेकडे पोहोचतो, पण ग्राहकाचे इंटरनेट तुटल्याने ब्राउझर दुकानाच्या पानावर परतत नाही. यासाठी गेटवे ब्राउझरवर विसंबून न राहता विक्रेत्याच्या सर्व्हरला वेबहुक नावाचा स्वतंत्र संदेश पाठवतो. त्यावर गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही असते. ती न तपासता माल पाठवणारा विक्रेता बनावट ‘यशस्वी’ संदेशाला फसू शकतो. वेबहुकही आला नाही, तर ऑर्डर क्रमांक देऊन गेटवेला व्यवहाराची स्थिती विचारता येते. पुन्हा पैसे घेण्याआधी विक्रेत्याने ही चौकशी करायला हवी.

उशिरा कळलेल्या होकाराचे दोनच मार्ग असतात : रक्कम कॅप्चर करून माल पाठवणे किंवा ती सोडून देणे. ग्राहकाच्या खात्यातून रक्कम गेली पण विक्रेत्याला पुष्टी मिळाली नाही, अशा ऑनलाइन कार्ड व्यवहारात ती पाच दिवसांत आपोआप परत जमा व्हावी, असा रिझर्व्ह बँकेचा २० सप्टेंबर २०१९चा नियम आहे. त्यापुढच्या प्रत्येक दिवसासाठी ग्राहकाला १०० रुपये भरपाई द्यावी लागते आणि ती त्याने न मागता मिळायला हवी. मुदत उलटूनही रक्कम आली नाही, तर व्यवहाराचा क्रमांक घेऊन आधी कार्ड देणाऱ्या बँकेकडे तक्रार करावी.