घड्याळ नसलेली रांग

दिवाळीत जानेफळला घरी होतो, तेव्हा शेजारी स्लॅब पडत होता. शिडीवर माणसांची रांग आणि हातोहात वर जाणारी मालाची घमेली. ताल धरायला कोणीच नव्हतं. वरच्याचे हात रिकामे झाले की खालचा देतो, एवढंच. (रिकामी घमेली वरून सरळ खाली फेकतात, सांभाळून उभं राहा.)

आपल्या फोनच्या प्रोसेसरमध्ये मात्र क्लॉकचा ठोका पडला की सगळे एकदम पुढे सरकतात. १९८९ मध्ये इव्हान सदरलँड यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात ठोक्याशिवाय चालणारी रांग मांडली. नाव ठेवलं मायक्रोपाइपलाइन.

तिचा मुख्य भाग जुनाच होता. डेव्हिड मलर यांचं सी-एलिमेंट, १९५० च्या दशकातलं. दोन्ही इनपुट १ झाले तर ते १ देतं, दोन्ही ० झाले तर ०. वेगळे असतील तर जुनंच धरून बसतं. सदरलँडनी एक इनपुट मागच्या टप्प्याकडून घेतला, दुसरा पुढच्या टप्प्याकडून उलटा करून. म्हणजे नियम असा झाला: मागचा आणि पुढचा वेगळे असतील तर मागच्याची नक्कल कर, नाहीतर गप्प बस. इथे ० किंवा १ ला स्वतःचा अर्थ नाही. टप्पा पुढच्यापेक्षा वेगळा असेल तर त्यात डेटा आहे, सारखा असेल तर तो रिकामा.

चार टप्पे घ्या, शेवटी घेणारा ० वर. चारही भरले की रांग दिसते ०१०१. देणाऱ्याने पाचवा डेटा आणून स्वतःची खूण १ केली, पण कोणी हलत नाही. आता घेणाऱ्याने एक उचलला आणि तो १ झाला. मग बघा:

```
०१०१
०१००
०११०
००१०
१०१०
```

प्रत्येक ओळीत एकच बिट बदललाय, आणि बदल उजवीकडून डावीकडे आलाय. डेटा पुढे गेला, पण रिकामी जागा, म्हणजे बबल, मागे आली. शेवटी पाचवा डेटा आत शिरला. म्हणूनच खच्चून भरलेली रांग संथ चालते, कारण एकाच बबलला सगळ्यांना हलवत मागपर्यंत यावं लागतं. अगदी रिकाम्या रांगेतूनही कमीच माल निघतो. पुढे-मागे सारखाच वेळ लागत असेल तर साधारण निम्मी भरलेली रांग सगळ्यात वेगवान.

मेख एकच आहे. ‘डेटा आला’ हा निरोप खुद्द डेटाच्या आधी पोचला तर टप्पा चुकीचे बिट पकडतो. म्हणून निरोपाच्या तारेत मुद्दाम उशीर घालतात, आणि तो गणिताच्या सर्वात लांब वाटेपेक्षा जास्तच ठेवावा लागतो.

मँचेस्टरला स्टीव्ह फर्बर यांच्या गटाने याच पद्धतीने एआरएमचा प्रोसेसर बनवला, अॅम्युलेट-१. तो चाललाही. पण प्रत्येक बदलाला निरोप मानणारी सर्किट्स किचकट पडली. पुढच्या अॅम्युलेट-२ मध्ये त्यांनी निरोप दिल्यावर तार पुन्हा ० वर आणायची, चार पायऱ्यांची पद्धत घेतली. क्लॉक मात्र तिथेही नव्हतं.